जुडीचा फोटो बुडाकडून वाचावा: मेथी, कोथिंबीर आणि पालकाची प्रत ठरवण्याविषयी

प्रश्न: आमचा शेतकरी गट पुण्याच्या मार्केट यार्डात मेथी, कोथिंबीर आणि पालक पाठवतो. गाळ्यावरून आमचा मुलगा पहाटे फोटो पाठवतो आणि त्यावरून मी व माझा सहकारी एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर अशी प्रत लावतो. पण आमची प्रत वारंवार जुळत नाही, आणि फोटोत हिरवागार दिसलेला माल दुपारी आतून पिवळा निघतो. रंग, कोमेजणे आणि देठ यांवरून फोटोतून ताजेपणा नेमका कसा ठरवावा?

उत्तर:

फोटो उघडल्यावर आपण दोघेही आधी रंग पाहत असाल, असा माझा अंदाज आहे, आणि प्रत न जुळण्याचे मूळ बहुधा तिथेच आहे. मी अनेक वर्षे घाऊक बाजारात पालेभाजीची खरेदी करतो आणि आता त्यातला बराचसा निर्णय फोटो पाहूनच घ्यावा लागतो. या कामात मी पाळत असलेला क्रम असा आहे: आधी जुडीचे बूड आणि देठ, मग कोमेजणे, आणि सर्वांत शेवटी रंग. कोमेजलेली जुडी पाणी मारून दोन तासांपुरती उभी करता येते. रंग तर दिव्याप्रमाणे आणि कॅमेऱ्याप्रमाणे बदलतो. देठावर मात्र उपटल्यापासून गेलेले तास उमटतात आणि ते सहजी पुसता येत नाहीत. पुढचे विवेचन मी मुख्यतः मेथीवर करतो, कारण मेथी लवकर बिघडते आणि तिची लक्षणे समजली की बाकीच्या भाज्या वाचणे सोपे जाते.

प्रथम जुडीचे काय होते ते पाहू. पुरंदर किंवा जुन्नरकडची मेथी साधारणपणे दुपारनंतर मुळासकट उपटली जाते, जुड्या बांधून टेम्पोत रचली जाते, रात्री बाजारात पोहोचते, पहाटे विकली जाते आणि किरकोळ विक्रेत्याच्या पाटीवर सकाळी नऊ-दहाला येते. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत तिला जमिनीतून निघून अठरा-वीस तास झालेले असतात. या काळात मुळांकडून पाणी येणे बंद असते, पण पानांतून पाणी उडणे चालूच राहते. पानांचा श्वासही चालू असतो आणि त्यातून उष्णता निघते. गच्च रचलेल्या डागात, म्हणजे जुड्यांच्या गठ्ठ्यात, ही उष्णता बाहेर पडू शकत नाही. म्हणून डागाच्या कडेची जुडी वाऱ्याने सुकते, तर मधली जुडी उबून आतून पिवळी पडते. एकाच गाडीतल्या जुड्यांचे दोन वेगळे बिघाड होतात ते यामुळे, आणि ढिगाच्या वरून घेतलेला एकच फोटो यांपैकी मधला बिघाड कधीच दाखवत नाही. आपल्याला दुपारी आतून पिवळा निघालेला माल पहाटेही आतून पिवळटच असणार. तो फोटोत आला नव्हता, एवढेच.

आता बुडाकडे येऊ. ताज्या मेथीचे मूळ पांढरे, भरलेले आणि किंचित ओलसर असते. त्याला चिकटलेली माती ओली व काळपट असते आणि बारीक तंतुमुळे मोकळी दिसतात. मूळ आणि काडी जिथे मिळतात तो भाग फिकट हिरवा असतो आणि त्याची साल ताणलेली, गुळगुळीत असते. सात-आठ तासांनी तंतुमुळे सुकून मुळाला चिकटतात आणि मुळाचा पांढरा रंग मळकट होतो. अर्धा दिवस उलटला की मूळ भुरकट व आकसलेले दिसते, त्यावरची माती सुकून फिकी पडते आणि काडीच्या सालीवर उभ्या बारीक सुरकुत्या येऊ लागतात. या सुरकुत्या फार महत्त्वाच्या आहेत. फोटो दोन बोटांनी मोठा करून मुळापासून वरचा दोन बोटांएवढा भाग पाहावा. उभ्या रेषा तिथेच सर्वांत आधी दिसतात. काडीला एका बाजूने प्रकाश मिळेल असा फोटो घेतला तर रेषांच्या सावल्या पडतात आणि त्या स्पष्ट उमटतात. समोरून फ्लॅश मारला की त्या पूर्ण पुसल्या जातात. म्हणून बुडाचा फोटो फ्लॅश बंद ठेवूनच घ्यायला सांगावे.

मुळे धुतलेली असतील तर मातीची खूण हातातून जाते, आणि मुळे छाटलेली असतील तर आणखी सावध राहावे लागते. जुनी झालेली जुडी नीट दिसावी म्हणून काही जण बूड कोयत्याने सपाट करतात. तसा छाटलेला भाग पांढरा, ओला आणि अगदी ताजा दिसतो, कारण तो खरोखरच पाच मिनिटांपूर्वी कापलेला असतो. अशा वेळी कापाकडे पाहू नये, कापाच्या वरची साल पाहावी. काप ताजा पण वरची साल सुरकुतलेली, असा विसंगत फोटो आला तर जुडी छाटून सजवलेली आहे असे खुशाल समजावे. मेथी आणि कोथिंबीर बाजारात मुळासकट येतात, म्हणून घाऊक मालात मुळे नसणे हीच चौकशी करण्याजोगी गोष्ट आहे.

पालकाचे गणित थोडे वेगळे आहे, कारण तो अनेकदा कापून काढलेला असतो आणि तिथे कापलेले टोकच वाचायचे असते. कापल्यावर पेशींतले द्रव्य हवेच्या संपर्कात येते आणि काप हळूहळू तांबूस होतो, जसे चिरलेले वांगे काळे पडते तसेच. ताजा काप ओला आणि फिकट हिरवा, मग कडेने तांबूस, मग पूर्ण तपकिरी व कोरडा, असा त्याचा प्रवास असतो. पालकाचा देठ पोकळसर आणि रसाळ असल्यामुळे पाणी कमी झाले की तो गोल न राहता चपटा होतो. आडव्या ठेवलेल्या देठावरची प्रकाशाची लांबीच्या दिशेने जाणारी चमकदार रेघ अखंड असेल तर देठ भरलेला आहे. ती रेघ तुटक दिसली तर देठ बसू लागला आहे. कोथिंबिरीत मात्र देठाच्या रंगाने फसू नये. थंडीच्या दिवसांत काही कोथिंबिरीच्या देठांना बुडाशी जांभळट-लालसर छटा असते, ती शिळेपणाची खूण नव्हे. तिथेही साल ताणलेली आहे की सुरकुतलेली, एवढेच पाहावे.

देठाविषयी आणखी एक फोटो मी नेहमी मागवतो, आणि माझ्या मते तो सर्वांत कामाचा आहे. जुडीच्या मधली एक काडी ओढून काढायची, बुडापासून चार बोटांवर ती मोडायची आणि मोडलेली दोन्ही टोके तळहातावर ठेवून फोटो घ्यायचा. ताजी काडी कट्‌दिशी मोडते आणि दोन्ही टोके स्वच्छ व ओली दिसतात. पाणी उतरलेली काडी मोडत नाही, वाकते. जोर लावला की सालीचा धागा लोंबत राहतो. हाताने जे कळते ते फोटोत आणण्याचा हा सोपा उपाय आहे. यात एक अडचण मात्र लक्षात ठेवावी. निब्बर झालेल्या मेथीची काडीही धागा सोडते, मग ती तासाभरापूर्वी उपटलेली का असेना. निब्बर काडी जाड, टणक आणि सरळ असते, तिच्या शेंड्याला कळी किंवा फुलोरा दिसतो. शिळी काडी बारीक व लवचीक झालेली असते. कोवळेपणा आणि ताजेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच नंबरात कोंबल्या की दोन माणसांची प्रत कधीच जुळत नाही. आपण दोघांनी ताजेपणाचा नंबर वेगळा लिहावा आणि कोवळी, मध्यम, निब्बर हा शेरा त्याच्या शेजारी वेगळा लिहावा, असे मी आग्रहाने सुचवतो. आपल्या मतभेदांतले बरेचसे एवढ्यानेच मिटतील.

दुसरे लक्षण कोमेजण्याचे. पालेभाजीच्या वजनात साधारण तीन ते पाच टक्के घट झाली की डोळ्यांना कोमेज दिसू लागते. म्हणजे 250 ग्रॅमची जुडी 240 ग्रॅमवर आली की ती माना टाकायला लागलेली असते. मेथीत आधी शेंड्याची कोवळी पाने खाली झुकतात, मग पानाच्या तिन्ही पर्णिका मिटल्यासारख्या होतात आणि शेवटी पूर्ण काडी वाकते. फोटोत हे मोजता यावे म्हणून जुडी रोज एकाच पद्धतीने धरावी लागते. टेबलावर पडलेली जुडी टेबलाच्या आधाराने सरळच दिसते, तिच्यावरून काहीही ठरवता येत नाही. बुडाशी मूठ आवळून जुडी आडवी, जमिनीला समांतर धरायची आणि बाजूने, सुमारे दोन फुटांवरून, कॅमेरा जुडीच्या पातळीत ठेवून फोटो घ्यायचा. ताज्या जुडीचा शेंडा मुठीच्या रेषेतच राहतो किंवा थोडासाच उतरतो. शेंडा मुठीच्या खाली गेला पण काड्या बुडाकडे सरळ असल्या, तर पाने कोमेजली आहेत पण काडीत पाणी आहे. मुठीपासूनच जुडी कमानीसारखी लोंबली तर काडीतलेही पाणी गेले आहे. ही तुलना एकाच लांबीच्या जुड्यांत करावी, कारण उंच आणि कोवळी जुडी ताजी असूनही आपल्याच भाराने थोडी लवते.

कोमेजण्याचे हे दोन टप्पे वेगळे ओळखणे हा सगळ्या कामाचा गाभा आहे. फक्त पानांनी मान टाकली असेल तर मुळे थंड पाण्यात अर्धा तास ठेवल्यावर मेथी पुन्हा टवटवीत होते आणि ती दिवसभर टिकते. काडी सुरकुतल्यावर पाणी दिले तरी पाने थोडी उठतात, पण तासा-दोन तासांत पुन्हा पडतात. पहिल्या प्रकारचा माल दोन नंबर लावून नीट हाताळला तर शेतकऱ्याला बरा भाव मिळू शकतो. दुसऱ्या प्रकारचा माल पाणी मारून एक नंबर म्हणून पुढे ढकलणे म्हणजे किरकोळ विक्रेत्याच्या गळ्यात तोटा बांधणे आहे, आणि तो दुसऱ्या दिवशी आपल्या गाळ्याकडे फिरकत नाही.

पाणी मारलेल्या जुडीच्या फोटोबद्दल विशेष सांगायला हवे. पानावर पाण्याचा थर बसला की पान अधिक गडद दिसते. त्यामुळे ओली जुडी फोटोत अधिक हिरवी आणि म्हणून अधिक ताजी वाटते. पानांवर गोल थेंब आणि चमक दिसत असेल तर त्या फोटोतल्या रंगाला मी कोणताही गुण देत नाही. फक्त बूड आणि मोडलेली काडी पाहतो. शिवाय भिजलेला माल गच्च रचला की उन्हाळ्यात काही तासांतच आत काळपट, पाणी सुटल्यासारखे डाग पडतात. असे डाग पडलेले पान बोटाला बुळबुळीत लागते आणि ती सड शेजारच्या पानांना लागते. असा एक जरी डाग उघडलेल्या जुडीत दिसला तर बाकी सगळे उत्तम असले तरी जुडी तीन नंबर धरावी.

आता रंग. पान पिवळे पडते म्हणजे त्यात नवा पिवळा रंग तयार होत नाही. हिरवे हरितद्रव्य नष्ट होत जाते आणि आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. उष्णता आणि कोंडलेली हवा यांनी हे वेगाने होते. शिळेपणाचा पिवळेपणा जुन्या, म्हणजे खालच्या पानांपासून आणि जुडीच्या आतल्या बाजूने सुरू होतो. म्हणून रंगासाठी बांधलेल्या जुडीचा फोटो निरुपयोगी आहे. बंध सोडून काड्या पसरायच्या आणि मग फोटो घ्यायचा.

शेतातून आलेला पिवळेपणा यापासून वेगळा काढावा लागतो, आणि तिथे शेतकऱ्यावर नकळत अन्याय होऊ शकतो. चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह नीट मिळत नाही. तिथली भाजी शेंड्याकडच्या नव्या पानांत पिवळी दिसते आणि पानांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. ही भाजी ताजी असते. नत्र कमी पडलेली भाजी सगळीकडून फिकट असते आणि खालची पाने अधिक फिकी असतात. तिचा गोंधळ शिळ्या भाजीशी होऊ शकतो, पण तिचे बूड पांढरे आणि काडी कडक असते. थोडक्यात, पिवळे पान दिसले की ते वर आहे की खाली, शिरा हिरव्या आहेत की नाहीत, आणि त्याच काडीचे बूड काय सांगते, ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय नंबर खाली आणू नये. पानावरच्या पांढऱ्या नागमोडी रेघा नागअळीच्या असतात. त्याने भाव कमी होईल, पण ते शिळेपणाचे लक्षण नाही.

कॅमेऱ्याबाबत दोनच गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ सुधारणा होते. पहाटेच्या गाळ्यावर कुठे पिवळसर दिवा असतो, कुठे निळसर पांढरा, आणि वर निळी ताडपत्री असेल तर सगळा प्रकाशच निळा होतो. फोन त्या प्रकाशाला आपल्या अंदाजाने दुरुस्त करतो आणि चौकटीत भाजीच भाजी असली की तो अंदाज चुकतो. काही फोन तर भाजी ओळखून हिरवा रंग मुद्दाम खुलवतात. ती सोय बंद करून घ्यावी. शिवाय छायाचित्रकार वापरतात ते करड्या रंगाचे कार्ड जुडीच्या अगदी शेजारी, त्याच प्रकाशात ठेवावे. फोटोत कार्ड करडे दिसत असेल तर रंगावर विश्वास ठेवावा. पिवळट किंवा निळसर दिसत असेल तर आधी फोटोची दुरुस्ती करावी, नाहीतर त्या फोटोचा रंग सोडून द्यावा. पांढरा कागद मी वापरत नाही, कारण छपाईच्या कागदाला मुळातच निळसर झाक असते आणि तो फोटोत लगेच जळून पांढराफटक होतो. दुसरी गोष्ट फोटो पाठवण्याची: व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि सालीच्या बारीक सुरकुत्या नाहीशा होतात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावा.

हे सगळे मी एका चुकीतून शिकलो, ती तपशिलाने सांगतो. एका एप्रिलमध्ये मेथीच्या 600 जुड्यांची गाडी आली. मला पहाटे चारच्या सुमारास तीन फोटो आले, तिन्ही ढिगाचे आणि वरून घेतलेले. माल गडद हिरवा दिसत होता, म्हणून मी एक नंबर लावला. अकरा वाजता खरेदीदाराचा फोन आला की जुड्या सोडल्यावर आत पिवळ्या पानांचा थर निघतो आहे. मी तेच फोटो पुन्हा मोठे करून पाहिले. पानांवर थेंब होते, म्हणजे गडद रंग पाण्याचा होता. ढिगाच्या कडेला सात-आठ जुड्यांची बुडे दिसत होती. मुळे धुतलेली होती, पण त्यांचा रंग भुरकट होता आणि दोन काड्यांवर उभ्या रेषा स्पष्ट होत्या. सगळे पुरावे फोटोत होते, मी ते पाहिले नव्हते. शेतकऱ्याला विचारले तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले की टेम्पो वेळेवर मिळाला नाही म्हणून दुपारऐवजी सकाळीच उपटलेला माल दिवसभर झाडाखाली पडून होता.

दुसऱ्या दिवशी त्याच शेतकऱ्याचा माल आला तेव्हा मी पाच जुड्या निवडायला सांगितल्या: एक ढिगाच्या वरची, एक कडेची आणि तीन डागांच्या मधोमध हात घालून काढलेल्या. प्रत्येकीचे चार फोटो घेतले, म्हणजे आडवी धरलेली जुडी, बूड, मोडलेली काडी आणि बंध सोडून कार्डाशेजारी पसरलेल्या वीस काड्या. वरची जुडी निर्दोष होती. कडेच्या जुडीचे बूड मळकट झाले होते, पानांच्या कडा वाऱ्याने सुकल्या होत्या आणि शेंडा मुठीच्या खाली गेला होता, पण काडी स्वच्छ मोडली होती. मधल्या तीन जुड्यांची बुडेही मळकट होती आणि काड्याही स्वच्छ मोडल्या होत्या. मात्र पसरलेल्या वीस काड्यांपैकी अनुक्रमे तीन, चार आणि सहा काड्यांना खालचे पान पिवळे होते. म्हणजे मधल्या साठ काड्यांत तेरा. काडीत पाणी शिल्लक होते म्हणून माल तीन नंबर नव्हता; आतून उबायला सुरुवात झाली होती म्हणून एक नंबरही नव्हता. मी दोन नंबर लावला, जुड्या ढिगातून मोकळ्या करून सावलीत उभ्या रचायला लावल्या आणि नऊच्या आत विकून टाकायला सांगितले. त्या दिवशी तक्रार आली नाही. केवळ वरच्या जुडीवरून निर्णय घेतला असता तर आदल्या दिवशीचीच चूक पुन्हा झाली असती.

नंबर लावताना मी लक्षणांची सरासरी काढत नाही. सर्वांत वाईट लक्षण जे सांगेल तो नंबर. बूड पांढरे, काडी स्वच्छ मोडणारी, शेंडा मुठीच्या रेषेत आणि वीस काड्यांत दोनपेक्षा जास्त पिवळ्या नाहीत, तर एक नंबर. बूड मळकट किंवा शेंडा झुकलेला किंवा तीन ते सहा काड्या पिवळ्या, पण काडी अजून मोडते, तर दोन नंबर. साल सुरकुतली, काडी मोडण्याऐवजी वाकली, सहापेक्षा जास्त काड्या पिवळ्या झाल्या किंवा काळा ओला डाग दिसला, तर तीन नंबर. दोन आणि सहा हे आकडे माझ्या गिऱ्हाइकांवरून मी ठरवलेले आहेत. हॉटेलला माल देणाऱ्याला थोडी पिवळी पाने चालतात, सोसायटीत घरपोच देणाऱ्याला एकही चालत नाही. आपण आपले आकडे ठरवून घ्यावेत, पण एकदा ठरवल्यावर आवक कमी आहे म्हणून रोज बदलू नयेत.

आपल्या दोघांची नजर जुळवण्यासाठी एक प्रयोग करावा असे मला वाटते. शेतावरून आपल्या डोळ्यांसमोर उपटलेल्या, पाणी न मारलेल्या तीन जुड्या घ्याव्यात आणि त्या त्याच गाळ्यावर, त्याच दिव्याखाली ठेवून दर तीन तासांनी वजन करून वर सांगितलेले चार फोटो काढावेत. काडी मोडण्यासाठी आणि पसरण्यासाठी एक जुडी वेगळी ठेवावी, म्हणजे बाकी दोघींचे वजन बिघडणार नाही. चोवीस तासांत नऊ वेळचे फोटो जमतील आणि प्रत्येकाखाली किती तास झाले व वजन किती टक्के घटले हे लिहिलेले असेल. हा आपला नमुना तक्ता. पुढे शंका आली की फोटो या तक्त्याशेजारी ठेवून कोणत्या तासाशी जुळतो ते पाहावे. तक्ता वर्षातून तीनदा, उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि थंडीत नव्याने करावा, कारण मे महिन्यातली सहा तासांची मेथी आणि डिसेंबरमधली सहा तासांची मेथी एकसारखी दिसत नाही. मग जुने तीस फोटो निवडून दोघांनी एकमेकांना न दाखवता नंबर लिहावेत आणि जिथे फरक पडेल ते फोटो समोरासमोर बसून पाहावेत. फरक कोणत्या लक्षणावरून पडतो हे पाच-सहा फोटोंतच लक्षात येते.

पावसाळ्यात ही पद्धत सर्वांत कमी पडते. शेतातूनच भिजून आलेल्या मालावर थेंब असतात, मुळांना चिखल असतो, हवेत ओल असल्यामुळे कोमेज दिसत नाही आणि माल टवटवीत दिसता दिसता आतून सडू लागतो. त्या दिवसांत मी पाचऐवजी दहा जुड्या सोडायला लावतो, आणि गाळ्यावरच्या मुलाला डागाच्या मध्ये हात घालून ऊब लागते का आणि आंबूस वास येतो का, हे फोटोखाली लिहायला सांगतो. ऊब आणि वास फोटोत येत नाहीत, आणि पावसाळ्यात डोळ्यांच्या आधी तेच कळतात. लाल माठाला रंगाची कसोटी लावू नये. तिथे फक्त काडी मोडून पाहावी. आणि पहाटे एक नंबर लागलेल्या मालातल्या दोन जुड्या बाजूला ठेवून दुपारी दोन वाजता त्यांचे बंध सोडून फोटो मागवावेत. पहाटेचा नंबर बरोबर होता की नाही, ते त्या फोटोंवरून त्याच दिवशी तपासता येते.